९७ टक्के रिन्युअल रेट लिहूनही कॉल का येत नाही

प्रश्न: कस्टमर सक्सेस मॅनेजर, म्हणजे सीएसएम, म्हणून चार वर्षं झाली. रेझ्युमेवर तीन मोठे आकडे आहेत: ९७% रिन्युअल रेट, ११८ अकाउंट्स, ३१ क्लायंट ऑनबोर्ड केले. ज्या सॉफ्टवेअर कंपनीत अप्लाय करतोय त्यांच्या जाहिरातीत ३५ मोठी अकाउंट्स, ९०% च्या वर ग्रॉस रिटेन्शन, रिन्युअलची पूर्ण जबाबदारी आणि ऑनबोर्डिंग ते गो-लाइव्ह एवढं मागितलंय. अशाच दोन जागांवरून कॉल आला नाही. नेमकं कमी काय पडतंय? क्लायंटची नावं काढून सीआरएममधले आकडे सोबत देतोय.

उत्तर:

आकडे दिलेत ते फार बरं केलंत, कारण नुसता रेझ्युमे बघून मी वेगळंच काहीतरी सांगितलं असतं. तुमचं काम चांगलं आहे, पण तिन्ही आकडे ज्या पद्धतीने लिहिलेत त्यातून ते काम दिसत नाही, आणि पहिला आकडा तर हायरिंग मॅनेजरला थेट शंका येईल असा आहे. मी कस्टमर सक्सेसच्या टीम्ससाठी बरीच वर्षं रेझ्युमे वाचतोय, आणि ९७% दिसला की मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: हे कशाच्या ९७%? ते सापडलं नाही तर तो आकडा मी बाजूला ठेवतो.

तुमचा ९७ कुठून आला ते तुमच्याच शीटमधून कळतं. वर्षाच्या सुरुवातीला ११८ अकाउंट्स होती, ४ गेली, ११४ राहिली, म्हणजे ९६.६, वर ढकलून ९७. गणित बरोबर आहे. पण त्या ११८ पैकी त्या वर्षात रिन्युअलला आलेली अकाउंट्स फक्त ४६ आहेत. बाकी ७२ जणांचं कॉन्ट्रॅक्ट दोन किंवा तीन वर्षांचं आहे, त्यांना सोडून जायचं असतं तरी त्या वर्षात जाता आलं नसतं. जे निघूच शकत नव्हते त्यांना "मी टिकवले" म्हणून मोजलं की आकडा फुगतो. रिन्युअल रेट म्हटलं की भागाकारात खाली तेच घ्यायचं जे त्या काळात खरोखर रिन्युअलला आलं होतं. तसं केलं तर ४६ पैकी ४२, म्हणजे ९१%. याला लोगो रिन्युअल म्हणतात, इथे प्रत्येक क्लायंट एक मोजला जातो, मोठा असो की छोटा.

आता जाहिरात लोगो मागत नाहीये, ग्रॉस रिटेन्शन मागतेय, आणि ते पैशांवर असतं. तुम्ही करन्सी लपवून एकूण १००० धरून आकडे दिलेत ते बरं झालं, तसंच करू. ४६ अकाउंट्सची रिन्युअलला आलेली रक्कम १०००. गेलेल्या चारांपैकी एक मोठं होतं, त्याचे ९०, आणि तीन छोट्यांचे मिळून २०. म्हणजे ११० गेले. शिवाय दोन क्लायंटनी लायसन्स कमी केली, त्यात ३० गेले. राहिले ८६०. ग्रॉस रिटेन्शन ८६%. जे टिकले त्यांच्यात अपसेल आणि सीट्स वाढून १५० आले, ते धरले की १०१०, म्हणजे नेट रिटेन्शन १०१%. ग्रॉसमध्ये हे १५० कधीच मोजायचे नाहीत, म्हणूनच ग्रॉस शंभराच्या वर जात नाही. कोणी रेझ्युमेवर "ग्रॉस रिटेन्शन १०४%" लिहिलं असेल तर वाचणाऱ्याला तिथेच कळतं की या माणसाने हा आकडा स्वतः कधी काढलेला नाही.

म्हणजे एकाच वर्षाच्या, एकाच माणसाच्या कामाचे ९७, ९१, ८६ आणि १०१ असे चार आकडे निघतात, आणि चारही खरे. तुम्ही सगळ्यात मोठा दिसणाऱ्यांपैकी एक घेतलात, लेबल न लावता. जाहिरात लिहिणाऱ्याला नेमका तिसरा हवाय.

तुमच्या मनात आता येईल की ८६ लिहिलं तर ९०+ मागणारा माणूस पुढे वाचणारच नाही. भीती समजू शकते, पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे ते ९० चं अकाउंट का गेलं हे तुमच्या नोट्समध्ये आहे: क्लायंटची कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि सगळ्यांना मूळ कंपनीच्या टूलवर हलवलं. असं जाणं कुठलाच सीएसएम थांबवू शकत नाही, आणि मॅनेजर लोकांना हे माहीत असतं. ते अकाउंट वरून आणि खालून दोन्हीकडून काढलं तर ९१० पैकी ८६०, म्हणजे ९४.५%. पण (आणि हे महत्त्वाचं) हा ९४.५ एकटा लिहायचा नाही. ८६ आधी, मग "एक क्लायंट विकला गेल्यामुळे गेला, तो वगळता ९४" असं. दोन्ही शेजारी असले की वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला स्वतःचा चर्न, म्हणजे किती आणि कोण गेलं ते, कारणासकट माहीत आहे. फक्त ९४ असला आणि इंटरव्ह्यूत तो खरवडला गेला तर बाकी सगळ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

दुसरी गोष्ट तुम्ही शीटच्या कोपऱ्यात लिहिलीत आणि रेझ्युमेत विसरलात. तुमच्याकडे हे अकाउंट्स आले त्याच्या आधीच्या वर्षी याच गटाचा ग्रॉस ७९ होता. ७९ वरून ८६ हे वाक्य नुसत्या ९७ पेक्षा कितीतरी जड आहे, कारण त्यात तुमच्या येण्याने काय बदललं ते दिसतं. अर्थात ७९ तुम्हाला कोणी तोंडी सांगितला असेल तर लिहू नका, रिपोर्टमधून स्वतः काढता येत असेल तरच लिहा, आणि दोन्ही वर्षांना एकाच पद्धतीने काढलेला असायला हवा. एक वर्ष लोगोवर आणि दुसरं पैशांवर अशी तुलना झाली तर ती खोटीच ठरते.

रिन्युअलमध्ये अजून एक गोष्ट आहे जी मला आकड्याहूनही जास्त खटकली. जाहिरातीत "रिन्युअलची पूर्ण जबाबदारी" लिहिलंय. तुमच्या रेझ्युमेत "रिन्युअल्स मॅनेज केले" आहे. मॅनेज केले म्हणजे काय केलं? कोट कोणी काढला, किंमत वाढवायची वेळ आली तेव्हा क्लायंटच्या परचेसवाल्यांशी कोण बोललं, डिस्काउंटची मंजुरी कोणी घेतली, सही होईपर्यंत मागे कोण लागलं? बऱ्याच कंपन्यांत सीएसएम वापराचा रिपोर्ट बनवतो, नातं सांभाळतो, आणि पैशांचं बोलणं अकाउंट मॅनेजर करतो. दोन्ही कामं खरी आहेत पण वेगळी आहेत, आणि ही जाहिरात दुसरं मागतेय.

तुमच्या शीटमध्ये याचं उत्तर आहे. रिन्युअलला आलेल्या ४६ पैकी १४ मोठी होती, तिथे कमर्शियल बाजू अकाउंट मॅनेजरकडे होती आणि तुम्ही सोबत होतात. बाकीच्या ३२ छोट्यांमध्ये पहिल्या मेलपासून सहीपर्यंत सगळं तुम्हीच केलंत आणि ३२ पैकी २९ रिन्यू झाली. मग हे असंच लिहा की! छोटी का असेनात, २९ रिन्युअल्स एकट्याने पूर्ण केलेला माणूस आणि "सपोर्ट केला" म्हणणारा माणूस यात जाहिरात देणाऱ्यासाठी फार अंतर आहे. फक्त इथे एक तपासून घ्या, या ३२ मध्ये ऑटो-रिन्युअलवाली किती होती. ज्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नोटीस दिली नाही तर आपोआप पुढे चालू राहायची अट असते तिथे रिन्युअल होण्यासाठी कोणाला काही करावं लागलंच असं नाही, आणि इंटरव्ह्यूत हा प्रश्न येतोच. त्यातली दहा-बारा ऑटो असतील तर आकडा वेगळा काढून ठेवा, आणि त्या अकाउंट्सच्या बाबतीत नोटीसची मुदत यायच्या आधी तुम्ही काय करायचात ते सांगायची तयारी ठेवा. खरं काम तिथे त्या मुदतीच्या आधीच असतं, मुदत उलटल्यावर नुसती तारीख जाते.

फोरकास्टबद्दल रेझ्युमेत एक अक्षर नाहीये. जिथे रिन्युअल सीएसएमकडे असतं तिथे दर महिन्याला "पुढच्या तिमाहीत काय येणार, काय जाणार" हे सांगावं लागतं. रिन्युअलच्या ९० दिवस आधी तुम्ही धोक्यात आहे म्हणून खूण केलेली अकाउंट्स आणि प्रत्यक्षात गेलेली अकाउंट्स यांची सीआरएममधली हिस्टरी काढता आली तर एक ओळ त्यावर टाका. गेलेल्या चार आणि कमी झालेल्या दोन, अशा सहांपैकी किती तुम्हाला आधी दिसली होती? चार दिसली असतील तरी चालेल, सहापैकी चार असं सरळ लिहा.

आता ११८ वर येऊ. तुम्हाला वाटतंय मोठा आकडा म्हणजे मोठी जबाबदारी. ३५ अकाउंट्सवाल्या जाहिरातीसमोर तो उलटा वाचला जातो, कसा ते सांगतो. आठवड्याचे ४० तास धरा. त्यातले निम्मे अंतर्गत मीटिंग्ज, तिकिटांचा पाठपुरावा, सीआरएममध्ये नोंदी यात जातात असा अंदाज धरू. राहिले २० तास, म्हणजे १२०० मिनिटं. भागिले ११८, एका अकाउंटला आठवड्याला १० मिनिटं. दहा मिनिटांत मेलला उत्तर देता येतं, क्लायंटच्या धंद्यात आपलं सॉफ्टवेअर कुठे बसतंय हे समजून घेता येत नाही. त्याच हिशोबाने ३५ अकाउंट्सला ३४ मिनिटं येतात. म्हणजे ११८ वाचून त्या माणसाच्या डोक्यात चित्र बनतं की हा कोणी आरडाओरडा केला की धावणारा, सपोर्टच्या जवळचा सीएसएम आहे, आणि आम्हाला हवाय तो आधीच प्लॅन करून तीन-चार वेगवेगळ्या लोकांशी नातं ठेवणारा.

पण तुम्ही ११८ ला सारखं वागवलंच नाहीये! तुमच्या शीटमध्ये वरची २२ अकाउंट्स वेगळ्या रंगात आहेत, त्यांच्याकडे पोर्टफोलिओच्या ५८% रक्कम आहे, त्यांच्याशी महिन्याचा कॉल आणि तिमाही रिव्ह्यू होतो. बाकी ९६ ना ग्रुप वेबिनार, ठरलेल्या मेल्सची मालिका आणि वापर घसरला की अलर्ट. वेळेच्या हिशोबाने बघू, २२ जणांचा महिन्याचा कॉल म्हणजे आठवड्याला पाच कॉल, त्यात तिमाही रिव्ह्यू म्हणजे महिन्याला सात, आणि त्यांची तयारी. मोकळ्या १२०० मिनिटांपैकी ७०% तिथे जात असतील तर एका अकाउंटला ३८ मिनिटं पडतात. म्हणजे या २२ जणांबरोबर तुम्ही आत्ताच अगदी तेच काम करताय जे जाहिरातीत ३५ साठी लिहिलंय. हे रेझ्युमेत कुठेच नाही, आणि माझ्या मते कॉल न येण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, ९७ पेक्षाही मोठं. हे ७०% मी अंदाजाने धरलेत, तुमचं मागच्या तिमाहीचं कॅलेंडर उघडून खरं किती येतंय ते बघा, ५० आलं तर ५० धरा.

म्हणून ११८ काढून टाकू नका, फोडून लिहा. आधी २२, मग त्यांचा रकमेतला वाटा, मग त्यांच्याबरोबर काय होतं, आणि नंतर ९६. कधीकधी लोक जाहिरातीत ३५ बघून स्वतःच्या रेझ्युमेत गुपचूप ३५-४० अकाउंट्स करून टाकतात, ते अजिबात करू नका, आधीच्या मॅनेजरला एक फोन झाला की संपलं. शिवाय ९६ लोकांना एकाच वेळी सांभाळायची पद्धत बसवणं हे या जागेलाही उपयोगाचं आहे, फक्त त्याची जागा दुसरी आहे.

क्लायंट किती मोठे हेही एका शब्दात सांगा. वापरणारे २० की २०००, एक डिपार्टमेंट की सगळी कंपनी. छोट्या क्लायंटचा चर्न स्वभावतःच जास्त असतो, ते बंद पडतात, खर्च कापतात, पटकन टूल बदलतात, आणि कॉन्ट्रॅक्टही छोटी असतात. छोट्यांच्या गटात ८६ ग्रॉस आणि मोठ्यांच्या गटात ८६ ग्रॉस यांचा अर्थ एक होत नाही. तो संदर्भ नसेल तर वाचणारा स्वतःच्या कंपनीच्या गटाशी तुलना करून मोकळा होतो.

आता ऑनबोर्डिंग, आणि इथे मला थोडं जास्त बोलायचंय कारण इथे तुमच्याकडे सगळ्यात चांगला माल आहे आणि रेझ्युमेत त्याची जेमतेम एक ओळ आहे: "३१ क्लायंट यशस्वीपणे ऑनबोर्ड केले". यशस्वीपणे हा शब्द आधी उडवा. मग सांगा की ऑनबोर्डिंगमधला कुठला भाग तुमचा होता. सॉफ्टवेअर कंपनीत किकऑफ कॉल, जुना डेटा आणणं, एसएसओ म्हणजे कंपनीच्या एकाच लॉगिनची सोय आणि युजर रोल्स सेट करणं, अॅडमिनचं ट्रेनिंग, युजर्सचं ट्रेनिंग, गो-लाइव्ह, आणि त्यानंतरचे पहिले काही आठवडे, असा तो प्रवास असतो, आणि कुठे ते सगळं सीएसएम करतो, कुठे इम्प्लिमेंटेशन टीम करते आणि सीएसएमला गो-लाइव्हनंतर क्लायंट मिळतो. तुमच्या नोट्सवरून दिसतंय की एसएसओ टेक्निकल टीम करायची, बाकी किकऑफ ते गो-लाइव्ह तुम्ही चालवत होतात. जाहिरात तेच मागतेय, तर तसं स्पष्ट लिहा आणि एसएसओ तुम्ही स्वतः केलं असं भासवू नका, त्यावर दोन प्रश्नांत उघडं पडायला होतं.

त्यानंतर वेळ. आधीच्या वर्षी १९ ऑनबोर्डिंग्ज, किकऑफ ते गो-लाइव्ह मीडियन ७४ दिवस. या वर्षी १२, मीडियन ४८ दिवस. सरासरी घेतली असती तर या वर्षीचा आकडा ५७ आला असता, कारण एका क्लायंटची सिक्युरिटी तपासणी अडकून त्याला १६० दिवस लागले. बारा जणांत एक असा असला की सरासरी हलते, म्हणून मीडियनच ठेवा आणि ते मीडियन आहे हे लिहा.

पण २६ दिवस वाचले कसे? तुम्ही खाली बारीक अक्षरात लिहिलंय की उशीर बहुतेक डेटा इम्पोर्टला व्हायचा, क्लायंट किकऑफनंतर दोन-तीन आठवड्यांनी सीएसव्ही पाठवायचे, त्यात डुप्लिकेट नोंदी, तारखा तीन वेगळ्या फॉरमॅटमध्ये, रिकामे कॉलम, मग ती परत पाठवायची, पुन्हा वाट बघायची. तुम्ही सेल्सबरोबर ठरवून घेतलं की सही झाली की लगेच, किकऑफच्या आधीच, क्लायंटकडून २०० ओळींची नमुना फाइल मागायची आणि टेम्प्लेट द्यायचं. त्यामुळे किकऑफ कॉलमध्येच डेटाचे घोळ समोर यायला लागले. ही गोष्ट मी वाचली आणि मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं, खरंच. मॅनेजरला नेमकं हेच हवं असतं, कुठे अडतं ते शोधलं, दुसऱ्या टीमला सोबत घेऊन बदललं, किती फरक पडला ते मोजलं. आणि हे तुमच्या रेझ्युमेत नाहीये.

एक खाच आहे मात्र. घड्याळ कुठून सुरू होतं हे तपासा. नमुना फाइलचं काम किकऑफच्या आधी नेलंत, आणि मोजताय किकऑफपासून, तर काही दिवस नुसते घड्याळाच्या बाहेर सरकले असतील. किकऑफच उशिरा व्हायला लागला नाही ना? सहीपासून गो-लाइव्हपर्यंतचे दिवस दोन्ही वर्षांचे काढा. तिथेही फरक दिसला तर तोच आकडा लिहा, तो जास्त भक्कम आहे, मग भले २६ ऐवजी १८ दिवस का निघेना. चांगला इंटरव्ह्यूअर हा प्रश्न विचारतो, आणि तुम्ही आधीच सहीपासून मोजलेलं असेल तर त्याच्याकडे विचारायला काही राहत नाही.

दुसरी खाच यापेक्षा नाजूक. ऑनबोर्डिंग लवकर झालं म्हणून रिन्युअल वाढलं असं वाक्य लिहायचा तुम्हाला मोह होणार, बहुतेक सगळे लिहितात. तुमच्या आकड्यांत ते सिद्ध होत नाही. ४८ दिवसवाले जे १२ आहेत त्यांचं एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट अजून संपलेलंच नाही, त्यातला एकही रिन्युअलला आलेला नाही. रिन्युअलला आलेत ते आधीच्या वर्षीचे १९, म्हणजे ७४ दिवसवाले, आणि त्यातले १८ रिन्यू झाले. जो एक गेला त्याचं गो-लाइव्ह १३० दिवसांनी झालं होतं हे खरं, पण एकावरून नियम निघत नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: वेळ कमी झाला हे एक, आणि ज्यांना तुम्ही स्वतः ऑनबोर्ड केलं त्यांच्यापैकी पहिल्या रिन्युअलला आलेल्या १९ पैकी १८ टिकले हे दुसरं. दुसऱ्याला टक्का लावू नका, १९ पैकी १८ असंच लिहा, एवढ्या छोट्या संख्येला ९४.७% लिहिलं की उगाच मोजून मापून दाखवल्यासारखं वाटतं. आणि हे दुसरं वाक्य फार कमी लोकांना लिहिता येतं, कारण त्यासाठी एकाच माणसाने क्लायंट सुरुवातीला घेतलेला आणि वर्षभर सांभाळलेला असावा लागतो. जाहिरातीत ऑनबोर्डिंग आणि रिन्युअल एकाच माणसाकडे दिलंय, त्यांना शोध याचाच आहे.

या सगळ्यावरून सध्याच्या नोकरीखालच्या ओळी मी अशा बसवल्या असत्या, इंग्रजीत तुम्ही उतरवालच:

"११८ अकाउंट्सचा पोर्टफोलिओ, त्यातली २२ मोठी अकाउंट्स (रकमेच्या ५८%) महिन्याचा कॉल आणि तिमाही रिव्ह्यूसह, उरलेली ९६ वेबिनार, मेल मालिका आणि वापराच्या अलर्टवर."

"रिन्युअलला आलेल्या ४६ अकाउंट्सवर ग्रॉस रिटेन्शन आधीच्या वर्षीच्या ७९% वरून ८६% (एक क्लायंट विकला गेल्यामुळे गेला, तो वगळता ९४%), नेट १०१%."

"३२ छोट्या अकाउंट्सचं रिन्युअल कोटपासून सहीपर्यंत स्वतः, २९ रिन्यू, १४ मोठ्यांमध्ये अकाउंट मॅनेजरसोबत, १३ रिन्यू."

"३१ ऑनबोर्डिंग्ज किकऑफ ते गो-लाइव्ह, नमुना डेटा किकऑफच्या आधी मागवून मीडियन ७४ वरून ४८ दिवसांवर, पहिल्या रिन्युअलला आलेल्या १९ पैकी १८ टिकले."

चारच ओळी आहेत, प्रत्येकीत खाली काय घेतलं ते दिसतं, आणि कुठल्याही ओळीवर बोट ठेवून "कसं?" विचारलं तर तुमच्याकडे दहा मिनिटांची खरी गोष्ट आहे. चौथ्या ओळीतले दिवस सहीपासून मोजून बदलले तर बदला. फोरकास्टची ओळ आकडा सापडला तर पाचवी. याशिवाय सध्या तिथे जी सात बुलेट्स आहेत ("क्लायंटशी मजबूत संबंध", "क्रॉस-फंक्शनल टीमसोबत काम" वगैरे) ती सगळी काढा, त्यातलं जे खरं आहे ते वरच्या ओळींत येऊन गेलंय.

शब्दांचं थोडंसं. जाहिरातीत ग्रॉस रिटेन्शन लिहिलं असेल तर तुम्हीही तेच लिहा, "चर्न १४%" असं उलटं करून नको, कारण पहिल्या चाळणीत बघणारा रिक्रूटर बऱ्याचदा जाहिरातीतलेच शब्द शोधत असतो आणि त्याने मनात वजाबाकी करावी ही अपेक्षा ठेवू नये. त्यांचं सीआरएम किंवा सक्सेस टूल तुम्ही वापरलेलं असेल तर नाव लिहा, नसेल वापरलं तर तुमचं लिहा, एका टूलवरून दुसऱ्यावर जाणं ही अडचण कोणीच मोठी मानत नाही.

गोपनीयतेचं एक. टक्के आणि अकाउंट्सची संख्या सहसा चालते, तरी तुमच्या कंपनीच्या करारात काय लिहिलंय ते एकदा वाचा. क्लायंटची नावं, खऱ्या रकमा, सीआरएमचे स्क्रीनशॉट यातलं काहीही रेझ्युमेसोबत किंवा इंटरव्ह्यूत दाखवू नका. जो उमेदवार जुन्या कंपनीचा डॅशबोर्ड उघडून दाखवतो तो उद्या आपलाही दाखवेल असं समोरच्याला वाटतंच. मला पाठवलीत तशी १००० वर आणलेली शीट मात्र स्वतःजवळ ठेवा, इंटरव्ह्यूच्या आधी तीच बघायची.

आणि या जागेसाठी तुमच्यात खरोखर कमी काय आहे तेही सांगतो, म्हणजे तिथे गडबडायला होणार नाही. मोठ्या क्लायंटबरोबर पैशांची बोलणी तुम्ही एकट्याने केलेली नाहीत. २९ छोटी रिन्युअल्स त्याची जागा पूर्ण भरत नाहीत, कारण मोठ्या क्लायंटकडे परचेस आणि लीगल वेगळं असतं, बजेटचं वेळापत्रक असतं, आणि "हो" म्हणणारा माणूस रोज सॉफ्टवेअर वापरणारा नसतो. यावर विचारतीलच. त्या १३ मोठ्या रिन्युअल्सपैकी ज्या एकात तुम्ही अकाउंट मॅनेजरच्या बाजूला बसून सगळ्यात जास्त केलंत ते निवडा, कोण कोण खोलीत होतं, कुठल्या मुद्द्यावर अडलं, किती टक्के वाढ मागितली आणि किती मिळाली, तुमचं वाक्य कुठलं आणि त्याचं कुठलं, हे नीट आठवून लिहून काढा. अजून त्याच कंपनीत आहात तर पुढच्या तिमाहीत येणाऱ्या मोठ्यांपैकी एक रिन्युअल स्वतः पुढे होऊन चालवायला मॅनेजरकडे मागा, अकाउंट मॅनेजर सोबत असला तरी हरकत नाही. तोवर या जागेला अप्लाय करायचं थांबू नका, वरच्या ओळी टाकून याच आठवड्यात पाठवा, फक्त सहीपासूनचे दिवस आणि ऑटो-रिन्युअलचा आकडा आधी काढून घ्या.